बंडोपंतांना जी नको

सहा नंबरच्या खाटेवरच्या माणसाने मला सलग तीन दिवस पाठ दाखवली. पाठ म्हणजे अगदी पाठ नाही. उजवी बाजू लुळी पडलेली, त्यामुळे कूस बदलणं त्यांना जमत नव्हतं. पण मी खुर्ची ओढून बसले आणि हाक मारली की ते मान सावकाश भिंतीकडे वळवायचे आणि तिथल्या पोपडे आलेल्या रंगाकडे पाहत राहायचे. मी थकून उठले की मान परत सरळ.

माझं काम लोकांना पुन्हा बोलायला शिकवण्याचं. मेंदूत रक्ताची गाठ अडकते, वाचा जाते, मग आमच्या वॉर्डात माणसं येतात. सगळे मला 'बोलवणारी बाई' म्हणतात. येणारा प्रत्येकजण मनातून चिडलेला असतो, आणि ते साहजिकच आहे. चमचा समोर दिसतोय, पण 'चमचा' ओठावर येत नाही, याहून मोठा छळ कुठला? त्यामुळे रागावलेल्या माणसांची मला सवय आहे. पण हा राग निराळा होता. तो माझ्यावरच होता, आणि माझं काय चुकलं ते मला कळत नव्हतं.

"बंडोपंतजी," मी म्हणत होते, "माझ्याकडे बघा. बंडोपंतजी?"

भिंत.

तपासणीच्या कागदावर पहिलाच रकाना होता: नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद. शून्य, एक किंवा दोन. मी तीनही दिवस शून्य लिहिलं. शुक्रवारी मोठे डॉक्टर फेरीला येणार होते. ज्यांना उपचारांचा उपयोग होतोय त्यांची खाट राहणार, बाकीच्यांना घरी पाठवणार. बाहेर खाटेसाठी रांग होती. तिचा राग धरण्यात अर्थ नव्हता, तीसुद्धा आजारी माणसांचीच होती. पण पहिल्या रकान्यात शून्य असलं की डॉक्टर पुढचं वाचत नाहीत, हे मला अनुभवाने ठाऊक होतं.

त्यांचं नाव फॉर्मवर मुलानेच लिहून दिलं होतं. "सगळे त्यांना बंडोपंतच म्हणतात," तो म्हणाला होता, "खरं नाव कुणाला आठवतही नसेल." तो परगावी नोकरीला. दोन दिवस राहून, आईला इथे ठेवून निघून गेला. आणि 'जी' आमच्या व्यवस्थापक बाईंचा. मागे एका नर्सने कुणाच्या तरी आजीला "ए म्हातारे, सरक" म्हटलं, नातेवाइकांनी तक्रार केली, आणि दुसऱ्याच दिवशी फलकावर परिपत्रक लागलं: प्रत्येक रुग्णाचा उल्लेख नावापुढे 'जी' लावूनच करावा. खाटेच्या कडेला अडकवायची कार्डंही तशीच छापून आली. सहा नंबरला होतं: 'आदरणीय बंडोपंतजी'.

परिपत्रकाने एवढंच झालं की 'जी' आला आणि बाकी सगळं जिथल्या तिथे राहिलं. सकाळची सिस्टर औषध द्यायला यायची आणि प्रेमाने म्हणायची, "बंडोपंतजी, आ कर बरं. आ कर. शहाणा ना तू?" ते तोंड गच्च मिटायचे. सिस्टर माझ्याकडे बघून मान हलवायची. व्यायाम करून घेणारा पोरगेलासा मास्तर त्यांच्या काखेत हात घालून म्हणायचा, "उठा की राव, किती भाव खाता," आणि ते मात्र उठायचा प्रयत्न करायचे. मी ते नोंदवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी प्रयोग म्हणून मीही म्हटलं, "बघा की राव इकडे." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पदर नसताना पदर सावरला.

असो. बघितलं तरी.

मंगळवारी त्यांनी कार्डाची वाट लावली. मी खुणा करून घेण्यासाठी त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल देऊन गेले होते. परत येऊन बघते तो खाटेजवळ लटकलेल्या कार्डावर शेवटच्या अक्षरावरून आडवी रेघ आणि तिच्या टोकाला वर गेलेली वेडीवाकडी गाठ. सिस्टरने नवीन कार्ड लावलं. बुधवारी सकाळी त्यावरही तेच. तिने पेन्सिल काढून घेतली आणि नोंदवहीत लिहिलं, 'रुग्ण चिडचिड करतो, वस्तू खराब करतो'. मी कपाळाला हात लावला. आता डॉक्टरांना हेही वाचायला मिळणार होतं.

काकू, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून बघत होत्या. बुटक्या, नाकासमोर चालणाऱ्या आणि फार कमी बोलणाऱ्या. नवऱ्याशी त्यांचं बोलणं 'अहो' आणि 'ऐकलंत का' यावरच चालायचं. 'अहो' म्हटलं की बंडोपंतांचे डोळे तिकडे वळायचे. पण मी ते धरू शकत नव्हते. 'अहो' हे काही नाव नव्हे, रकाना नावाचा होता.

बुधवारी दुपारी काकूंचा धाकटा भाऊ भेटायला आला. उंच, टक्कल पडलेला, पिशवीत संत्री. दारातूनच म्हणाला, "काय बंडूराव, इथे येऊन आराम करताय होय?"

आणि सहा नंबरच्या माणसाने मान वळवली. भिंतीकडून दाराकडे, पूर्ण. ओठाचा डावा कोपरा उचलला गेला. मेहुण्याने जवळ जाऊन त्यांचा चांगला हात हातात घेतला तसा त्यांनी तो दाबला. मी घड्याळ बघितलं: हाकेपासून प्रतिसादापर्यंत चार सेकंद.

मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. मेहुणा गेल्या गेल्या मी खुर्ची ओढली आणि गोड आवाजात म्हटलं, "बंडूराव, माझ्याकडे बघा."

त्यांनी बघितलं. लग्नघरात एखाद्या अनोळखी पोरीने "काय जावईबापू" म्हणून पाठीवर थाप मारावी तसं बघितलं, आणि मान भिंतीकडे.

"काकू," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला होता हे मला आजही आठवतं, "यांना नेमकं काय म्हणायचं ते सांगा. पंत म्हणून होत नाही, जी लावून होत नाही, राव म्हटलं की भावाला उत्तर देतात, मला नाही. मी काय करू? परवा डॉक्टर येणार आहेत."

काकू म्हणाल्या, "राव तुमचा नाही, बाई. राव माझ्या माहेरचा आहे."

"म्हणजे?"

"लग्न झालं तेव्हा हे तेवीस वर्षांचे. माझे वडील साठीला आलेले. पण लग्न लागल्या दिवसापासून वडिलांनी ह्यांना कधी नुसत्या नावाने हाक मारली नाही. बंडूराव, या. बंडूराव, बसा. जावयाला राव लागतो, तो वयाने केवढा का असेना. माझे भाऊ, भावजया, त्यांची मुलं, सगळी राव म्हणतात. तिथे ते राव. तुम्ही म्हटलंत की ह्यांना वाटणार, ही कोण आपल्या सासरची?"

"आणि व्यायामवाला मास्तर म्हणतो ते?"

"तो नावाला राव लावत नाही. 'चला की राव' हे आपलं मित्रामित्रांतलं. त्यात मान नसतो, सलगी असते. पुरुष पुरुषाला म्हणतो. नावामागचा राव वेगळा आणि वाक्यातला राव वेगळा."

मी वही काढली. "आणि पंत?"

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. ते छताकडे बघत होते, पण ऐकत होते अशी मला शंका आली.

"पंत प्रेसमधला," त्या म्हणाल्या. "हे चौदाव्या वर्षी छापखान्यात लागले. अक्षरांचे शिशाचे खिळे निवडायला. तेव्हा सगळे बंड्या म्हणायचे. ए बंड्या, शाई आण. मग ते खिळे जुळवणारे जुळारी झाले, तेव्हा बंडू. मग वाचायला बसले."

"वाचायला?"

"प्रुफं. छापण्याआधी चुका काढायच्या. चाळीस वर्षं तेच केलं. पंत आमच्या घराण्यात कुणी नव्हतं. पंत म्हणजे पूर्वी लिहिणारे, कारभार बघणारे, शिकलेले. ब्राह्मणांच्या नावाला लागायचा बहुतेक. पंडितवरून आलाय म्हणतात. आम्ही त्यातले नाही. पण एकदा एक जाड ग्रंथ छापायला चालला होता, लेखक मोठा विद्वान. ह्यांनी त्यात एक चूक काढली. लेखक म्हणाला, चूक नाही. ह्यांनी जुन्या कोशातलं पान उघडून दाखवलं. तेव्हा थोरले मालक, वयाने ह्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, सगळ्यांदेखत म्हणाले, 'बंडोपंत, तुम्ही सांगाल ते छापू.' तेव्हापासून."

"मालकांनी 'तुम्ही' म्हटलं?"

"मग? पंत म्हटल्यावर 'तू' कसं म्हणतील?" काकूंना माझा प्रश्नच विचित्र वाटला. "बंडू असेल तर तू. बंडोपंत असेल तर तुम्ही. नाव बदललं की क्रियापद बदलायलाच हवं. एक हात पायापाशी आणि दुसरा गळ्यापाशी, असं कसं चालेल?"

मला सकाळची सिस्टर आठवली. बंडोपंतजी, आ कर.

"मग मीही पंतच म्हणतेय ना?" मी म्हटलं. "त्याला जी लावला तर मान वाढायलाच हवा."

"जी वाईट नाही," काकू म्हणाल्या. "आपण गुरुजी म्हणतो. कितीतरी नावांत तो मुरलेलाच असतो, काढला तर नावच उरत नाही. कुणी मोठ्या माणसाने विचारलं की आमचे आजोबा नुसतंच 'जी' म्हणून उत्तर द्यायचे. पण पंताच्या मागे जी म्हणजे टोपीवर टोपी. राव असेल तर राव, पंत असेल तर पंत. दोन्ही लावले की मान वाढत नाही, बोलणाऱ्याला माणूस माहीत नाही एवढंच कळतं." मग थांबून, जरा ओशाळून म्हणाल्या, "आणि बाई, त्या कार्डावर ह्यांनी चिडचिड नाही केली. ती काट आहे."

"कसली काट?"

त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून कालचं कार्ड काढलं. सिस्टरने ते नीट न फाडता टाकलं होतं. काकूंनी बोट ठेवलं. "ही आडवी रेघ आणि ही गाठ. प्रुफात जे अक्षर काढून टाकायचं त्यावर हे अशी खूण करायचे. आमच्या घरी किराण्याच्या यादीवरसुद्धा हीच खूण असते."

मी कार्ड निरखून पाहिलं. रेघ डाव्या हाताची, थरथरलेली होती, पण बरोब्बर 'जी'वर होती. 'पंत'ला धक्का नव्हता. 'आदरणीय'लाही नाही.

खरं सांगते, मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी लाज वाटली आणि लगेच रागच आला. त्यांचा नाही, सगळ्याचाच. तीन दिवस हा माणूस मला उत्तर देत होता आणि मी शून्य मांडत होते.

मी पेन्सिल परत आणली. सिस्टर म्हणाली, "पुन्हा कार्ड खराब केलं तर तुम्ही जबाबदार." मी म्हटलं, जबाबदार.

गुरुवारी सकाळी मी मोठ्या अक्षरांत अकरा वाक्यं लिहून नेली, एका पानावर एक. खुर्ची ओढली, बसले, आणि म्हटलं, "बंडोपंत, ही प्रुफं आहेत. जिथे चूक असेल तिथे खूण करा."

मान भिंतीकडे गेली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. सेकंद मोजायचं मी विसरले.

पहिलं वाक्य होतं, 'बंडोपंत आला.' ते बराच वेळ बघत राहिले. पेन्सिलचं टोक कागदावर टेकलं, सरकलं, पुन्हा टेकलं. 'ला'चा काना कापला आणि वर एक मात्रा ओढली. आले.

'बंडोपंतराव, बसा.' रावावर काट.

'बंडोपंत, बस.' शेवटी एक काना वाढवला. बसा.

'बंडोपंतजींना बोलवा.' जींवर काट, आणि उरलेल्या 'पंतना'मध्ये त्यांनी बारीक काना आणि टिंब कोंबलं. पंतांना. मी हे वाक्य लिहिताना या अडचणीचा विचारच केला नव्हता.

'बंडोपंताला चहा द्या.' इथे ते वैतागले. मला वाटलं, थकले. पण मग त्यांनी 'ता'वर टिंब दिलं, पेन्सिल जोरात दाबून, आणि 'ला' काटून बाजूला 'ना' लिहिला. खरा फरक टिंबाचा. टिंब नसेल तर पंत नावाचा कुणी एक, टिंब असेल तर पंत. मी शाळेत हे शिकले होते, पण त्या टिंबात माणसाची इज्जत राहत असेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

सातवं वाक्य मी मुद्दाम अवघड घेतलं होतं: 'नमस्कार, मी बंडोपंत बोलतोय.' माझ्या मते ते बरोबर होतं. ते बरोबर सोडून देतात का हे मला बघायचं होतं. त्यांनी 'पंत' काटला. मग उरलेल्या 'बंडो'कडे बघून कपाळाला आठी घातली, 'डो' काटला आणि शेजारी मोठ्या कष्टाने 'डू' लिहिला. बंडू.

मी काकूंकडे पाहिलं.

"स्वतःला कोण पंत म्हणतं?" काकू म्हणाल्या. "दुसऱ्याने द्यायचा तो. फोनवर हे कायम 'मी बंडू बोलतोय' म्हणायचे. पलीकडचा म्हणायचा, 'बोला बंडोपंत.' राव-पंत असे आपल्या तोंडाने आपल्यालाच लावून घेणाऱ्यांची हे चेष्टा करायचे."

दोन वाक्यं त्यांना जमली नाहीत. लांब होती, मधेच हरवले, पेन्सिल टाकून दिली, डाव्या हाताने कपाळ पुसलं. तेही मी लिहिलं. आजार होताच, तो नव्हता असं मला दाखवायचं नव्हतं. पण अकरातली नऊ. भाषा आत शाबूत होती, फक्त बाहेर यायचा दरवाजा अडकला होता. आणि हे मी कुठल्या रकान्यात लिहू? फॉर्मवर 'मुद्रितशोधन' असा रकाना नव्हता.

व्यवस्थापक बाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तुम्ही कार्डावरचा जी काढा म्हणताय?"

"एकाच कार्डावरचा."

"उद्या सात नंबरवाले म्हणतील, आमच्या बाबांना आदर नको का. परिपत्रक सगळ्यांना सारखं. आणि जी लावण्याने कुणाचा अपमान झालाय असं मी आजवर ऐकलं नाही."

"अपमान नाही, बाई. पण आदर त्या शब्दात नाही, जुळण्यात आहे. इथे पोरी जी लावतात आणि पुढे 'आ कर' म्हणतात."

"ते मी सांगेन त्यांना," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला. मी बाहेर आले. जिन्यात उभी राहून मी मनात परिपत्रकावर आडवी रेघ मारली.

शुक्रवारी डॉक्टर आले. मागे दोन शिकाऊ डॉक्टर, सिस्टर, मी. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना नेहमी पुढच्या खाटेची घाई असायची. त्यांनी फाइल उघडली, पहिला रकाना बघितला आणि ओठ मुडपले.

"बंडोपंतजी," मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं, "जीभ दाखव."

भिंत.

"बंडोपंतजी, जीभ."

"सर," मी म्हटलं, "एक विनंती होती. जी सोडून म्हणाल का? आणि 'दाखव' नाही, 'दाखवा'."

शिकाऊ डॉक्टरांपैकी एक हसला. डॉक्टर माझ्याकडे वळले. "मी पेशंट तपासतोय, बाई, व्याकरण नाही."

"या पेशंटचं तेच आहे, सर. ते चाळीस वर्षं प्रुफं वाचत होते. मी काल अकरा वाक्यं दिली, त्यांनी नऊ बरोबर दुरुस्त केली. एकदाच म्हणून बघा. आणि म्हटल्यावर जरा थांबा. सांगितलेलं करायला त्यांना सात-आठ सेकंद लागतात."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. पण म्हटलं. "बंडोपंत, जीभ दाखवा."

एक. दोन. तीन. त्यांची मान वळायला लागली. चार. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. पाच. डॉक्टर फाइलमध्ये लिहायला वळले. सहा. ओठ थरथरले. सात. बंडोपंतांनी पूर्ण जीभ काढली, नीट, सरळ, डॉक्टरांच्या पाठीला.

"सर!" मी म्हटलं.

डॉक्टर वळेपर्यंत जीभ आत गेली होती.

"काय?"

"आत्ता दाखवली."

"मी नाही बघितली."

"मी बघितली," सिस्टर म्हणाली. तीच, सकाळची. तिचं मला आश्चर्य वाटलं.

"पुन्हा दाखवा, बंडोपंत," डॉक्टर म्हणाले. या वेळी ते थांबलेही. पण बंडोपंत थकले होते, किंवा एकदा दिलेली जीभ पुन्हा मागणं त्यांना पटलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला इतकं हताश वाटलं की मी पायाने स्टूल जोरात सरकवलं. काकूंनी माझा हात धरला.

मी अकरा पानं डॉक्टरांच्या फाइलवर ठेवली. ठेवली म्हणजे जवळजवळ आदळली. "हे बघा. मग शून्य द्या."

डॉक्टरांनी पानं उलटली. पहिली दोन भराभर. 'टिंबा'पाशी थांबले. मग 'मी बंडोपंत बोलतोय'पाशी फार वेळ थांबले. त्यांनी स्वतःशी ते वाक्य वाचलं, दोन्ही तऱ्हांनी. मग विचारलं, "हे चूक कसं?"

"स्वतःला पंत लावायचा नसतो, सर."

"हं." त्यांनी पान परत ठेवलं. "हे माझ्या लक्षात आलं नसतं."

"माझ्याही आलं नाही. मला ते बरोबर वाटलं होतं."

पहिल्या रकान्यात डॉक्टरांनी शून्याचं एक केलं. दोन नाही केलं. "नावाला सातत्याने प्रतिसाद नाही, हे तुम्हालाही मान्य असेल," ते म्हणाले. मला मान्य नव्हतं, पण मी मान हलवली. खाली मोकळ्या जागेत त्यांनी लिहिलं, 'लेखी आकलन चांगलं. दहा दिवस उपचार चालू ठेवावेत.' आणि पुढच्या खाटेकडे गेले. जाताना म्हणाले, "येतो, बंडोपंत." बंडोपंतांचे डोळे मिटलेलेच होते.

दहा दिवस. मला महिना हवा होता. कार्ड तसंच राहिलं, जीसकट. परिपत्रकावर व्यवस्थापक बाईंनी एक ओळ वाढवली: 'रुग्णांशी बोलताना आदरार्थी क्रियापद वापरावे.' सिस्टर दोन दिवस 'आ करा' म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिची सवय परत आली, मग अर्ध्यावर थबकून ती म्हणायची, "आ कर... करा." तेवढ्यावर मी समाधान मानलं. बंडोपंतही मानत असावेत, कारण अर्ध्या वेळा तोंड उघडायचे.

आम्ही लिहिण्यावरून बोलण्याकडे जायचा प्रयत्न केला. मी वाक्य लिहायचे, ते दुरुस्त करायचे, मग दुरुस्त केलेला शब्द मी सावकाश म्हणायचे आणि ते माझ्या ओठांकडे बघायचे. पाच दिवस नुसती हवा आली. सहाव्या दिवशी मी खाटेजवळ उभी होते, हातात कागद, पुढच्या वॉर्डातून बोलावणं आलं होतं म्हणून बसले नव्हते. बंडोपंतांनी डाव्या हाताने खुर्चीकडे बोट केलं. मग तोंड उघडलं.

"बचा."

काकू स्टुलावरून उठल्या.

"बचा," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. चूक झाली होती, आणि ती त्यांना माझ्याआधी ऐकू आली होती. ते मला बसायला सांगत होते, त्यांच्या नातीच्या वयाच्या मुलीला, आणि 'बस' म्हणून नव्हे.

"बंडोपंत, कळलं मला," मी म्हटलं. "बरोबर आहे."

त्यांनी जोरात मान हलवली. बरोबर नव्हतं. मला कळलं यावर त्यांचं भागणार नव्हतं. "ब," ते म्हणाले. थांबले. डोळे मिटले. "बछा." मूठ गादीवर आपटली. "बथा."

पुढच्या वॉर्डातून पुन्हा निरोप आला. मी येते म्हटलं आणि गेले नाही.

"ब," बंडोपंत म्हणाले.

मी उभीच राहिले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी बसले असते तर ते त्यांना चाललं नसतं.